उसन्या फोनवर दुकानाचा मेनू: आधी खातं, मग यादी, शेवटी क्यूआर

उदगीरच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. हॉटेलवाले, रसवंतीवाले मेनूचा क्यूआर घेऊन येतात, मी छापून लॅमिनेट करून देतो. महिना-दोन महिन्यांनी त्यातले बरेच जण परत येतात. कुणाचा क्यूआर स्कॅन होतो पण उघडत नाही, कुणाचा उघडतो पण भाव जुनेच दिसतात, आणि कुणाला भाव बदलायचा असतो तर फाइल कुठं आहे तेच ठाऊक नसतं. मुळाशी चूक बहुतेक एकच असते. लोक सुरुवात क्यूआरपासून करतात, आणि फोन उसना असला की ती चूक महागात पडते.

समोरच्या नाष्टा सेंटरवाल्यांच्या मुलीचंच सांगतो. पोरगी बारावीला. घरात फोन एकच, तोही बटनांचा, वडिलांच्या खिशात. पंचमीला तिची आत्या नांदेडहून माहेरी आली आणि चार दिवस आपला फोन पोरीच्या हाती दिला. पोरीनं दोन संध्याकाळी बसून मेनू केला, माझ्याकडून सहा कार्डं करून नेली, टेबलांवर मांडली. आत्या सासरी गेली. पुढं तेल महागलं, आलूबोंडा १५ वरून २० झाला. कार्ड स्कॅन केलं की दिसायचं १५. गिऱ्हाईक फोनचा पडदा गल्ल्यापुढं धरून भांडायला लागलं. पोरीनं नांदेडला फोन लावला, "आत्या, तेवढा भाव बदल की." आत्याला फाइल सापडेना. फोन भरलाय म्हणून तिनं अनोळखी फायली उडवल्या होत्या, त्यात मेनूही गेला होता. गूगल ड्राइव्हच्या कचऱ्यातून फाइल ३० दिवस परत काढता येते, पण हे लक्षात आलं तोवर दिवाळी जवळ आली होती.

भाऊबीजेला आत्या तोच फोन घेऊन पुन्हा आली. दुसऱ्या वेळी पोरीनं जे ज्या क्रमानं केलं, तोच क्रम खाली दिला आहे.

१. फोन हातात येण्याआधी: कागदावरची यादी

उसना फोन तीन-चार दिवसच हातात असतो. ते दिवस "बाबा, भज्याचा भाव काय?" हे विचारण्यात घालवू नका. फोन येण्याच्या आठवडाभर आधी वही घेऊन गल्ल्यावर बसा, एक दिवस सकाळी आणि एक दिवस संध्याकाळी.

भिंतीवरचा बोर्ड उतरवून घेऊ नका. बोर्ड रंगवला त्या दिवशीचे भाव त्यावर असतात, आजचे मालकाच्या तोंडात असतात. या पोरीच्या बोर्डावर चौदा पदार्थ होते. त्यातले तीन दोन वर्षांत कुणी केले नव्हते, आणि सगळ्यात जास्त खपणारा सुशीला बोर्डावर नव्हताच. वडील म्हणाले, "सुशीला सगळ्यांला ठावं हाय, त्यो कशाला लिहायचा?" उदगीरकराला ठाऊक आहे, हे खरं. पण स्टँडवर उतरलेल्या बिदरच्या माणसाला ठाऊक नाही, आणि मेनू वाचणार तोच.

दर पदार्थापुढं चार गोष्टी लिहा: गिऱ्हाईक ज्या नावानं मागतं ते नाव, भाव कशाचा (प्लेट, नग की कप), आजचा भाव, आणि मिळण्याची वेळ. भांडणं होतात ती दुसऱ्या गोष्टीवरून. "मिरची भजे ३०" एवढंच लिहिलं तर कुणी तीस रुपयांत पाव किलो समजतं. "मिरची भजे, १ प्लेट (५ नग)" असं लिहिलं की प्रश्न मिटतो. जादा पाव, जादा चटणी यांचे पैसे घेत असाल तर तेही यादीत हवेत.

तपासणी: यादी मालकाला मोठ्यानं वाचून दाखवा आणि खाली तारीख घाला. पोरीनं वाचून दाखवली तेव्हा वडिलांनी दोन भाव तिथंच बदलले. हे छापून झाल्यावर कळलं असतं तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

२. फोन हाती आला की पहिलं काम: दुकानाचं स्वतःचं खातं

पंचमीला चूक झाली ती इथंच. आत्याच्या फोनमध्ये आत्याचं गूगल खातं चालू होतं. पोरीनं गूगल डॉक्स उघडलं, अधिकचं चिन्ह दाबलं आणि टाइप करायला लागली. ती फाइल आत्याची झाली. फाइलची मालकी खात्याकडे जाते, टाइप कुणी केलं याला काही किंमत नाही.

म्हणून आधी नवं खातं काढा. फोनच्या `Settings` मध्ये `Accounts` (काही फोनांत `Passwords & accounts`), तिथं `Add account`, मग `Google`, मग `Create account`. नाव दुकानाचं घाला. हे नाव गिऱ्हाइकाला दिसू शकतं, म्हणून मुलीचं नाव किंवा तिचा फोटो तिथं नको. जन्मतारीख ज्यांच्या नंबरवर खातं चालणार त्या वडिलांची घाला.

खरी काळजी नंबरची घ्यायची आहे. फोनमध्ये आत्याचं सिम असल्यामुळं तिचाच नंबर पुढं येईल. तो घेऊ नका. वडिलांचा बटनांचा फोन शेजारी ठेवा आणि त्याचा नंबर टाका. कोड साध्या एसएमएसनं येतो, त्याला स्मार्टफोन लागत नाही. पुढं कुठल्याही फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून आत शिरायचं झालं तर गूगल याच नंबरवर कोड पाठवून खात्री करेल.

इथं पोरीचा अर्धा तास गेला. कोड येईचना. तीनदा मागवला, वडील म्हणाले रेंज नसेल. शेवटी बटनांच्या फोनची मेसेजची पेटी उघडली तर ती जुन्या रिचार्जच्या मेसेजांनी गच्च भरलेली. वीसेक मेसेज उडवल्यावर कोड आला. खातं काढण्याआधीच पेटी रिकामी करून ठेवा.

जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड वहीत लिहा, अक्षर लहान की मोठं ते स्पष्ट दिसेल असे. फोन "पासवर्ड जतन करू का" असं विचारेल, त्याला नाही म्हणा.

इशारा: नवं खातं जोडल्यावर आत्यानं त्या दिवसांत कुणाचा नंबर साठवला तर तो दुकानाच्या खात्यात जाऊ शकतो, आणि खातं काढलं की तिच्या फोनमधून गायब होतो. खातं जोडल्याबरोबर त्याच्या `Account sync` मध्ये जाऊन `Contacts` बंद करा, आणि नंबर कुठं साठतोय तेवढं बघायला आत्यालाही सांगून ठेवा.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगबद्दल बरेच जण विचारतात. स्वतःचा फोन असेल तर जरूर करा, चांगली सोय आहे. पण तो कॅटलॉग नंबरला आणि ज्या फोनवर ॲप चालू आहे त्याला बांधलेला असतो. फोन नांदेडला गेला की तोही गेला. उसन्या फोनवर त्या वाटेला जाऊ नका.

३. फाइल: फोनच्या पडद्यासाठी लिहा

गूगल डॉक्स उघडा. काही लिहिण्याआधी उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा आणि दुकानाचं खातं निवडा. दोन खाती असलेल्या फोनवर ॲप पुष्कळदा जुन्याच खात्यात उघडतं. मग नवी फाइल करा आणि तिला दुकानाचं नाव द्या.

तपासणी: दोन ओळी लिहून फाइलच्या `Share` मध्ये जा आणि `Owner` कोण दिसतंय ते बघा. आत्याचं नाव दिसलं तर फाइल तिथंच सोडा आणि खातं बदलून नवी करा. दोन ओळींना कुणी रडत नाही.

मराठी टाइप करायला कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून घ्या. माइक दाबून बोललात तरी लिहिलं जातं, मात्र "सुशीला" हे बाईचं नाव समजून तो पुढं काहीबाही जोडतो, तेवढं वाचून घ्या. डीटीपीवाल्याकडून जुन्या मेनूचा मजकूर आणून इथं चिकटवू नका. जुन्या फाँटात टाइप केलेलं मराठी डॉक्समध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन येतं.

मेनू सगळ्यात जास्त बिघडतो तो अक्षराच्या आकारात. डॉक्सचं पान ए-फोर असतं, म्हणजे २१ सेंटीमीटर रुंद. फोनचा पडदा साधारण साडेसहा सेंटीमीटर. अख्खं पान पडद्यात बसवलं की अक्षर तिपटीहून लहान होतं. लिहिताना ठीक वाटणारं ११ चं अक्षर गिऱ्हाइकाला मुंगीएवढं दिसतं. अक्षर ३० च्या आसपास ठेवा. एका ओळीत एकच पदार्थ, तक्ता करू नका, दोन रकाने करू नका. भाव पानाच्या उजव्या कडेला नेऊन ठेवण्याचा मोह होतो, पण स्पेस मारून ओढलेले भाव दुसऱ्या फोनवर वरखाली होतात. नावापुढं रेघ आणि लगेच भाव.

पोरीच्या फाइलची सुरुवात अशी होती:

सकाळी ७ ते ११
सुशीला, १ प्लेट (मुरमुऱ्यांचा, तिखट) – 25
पोहे, १ प्लेट – 25
आलूबोंडा, १ नग – 20

दिवसभर
मिरची भजे, १ प्लेट (५ नग) – 30
चहा, १ कप – 10
उकाळा, १ कप – 10

भाव मुद्दाम इंग्रजी अंकात आहेत. आपल्या स्टँडवर कर्नाटक-तेलंगणातली माणसं उतरतात, त्यांना पदार्थाचं नाव विचारता येतं, पण अंक तरी वाचता आले पाहिजेत. कंसातल्या दोन शब्दांनी सुशीला म्हणजे काय हेही भागलं.

फोटो पहिल्या मेनूत घालू नका. फोटोंनी फाइल जड होते, आणि स्टँडच्या गर्दीत रेंज कमी असली की गिऱ्हाईक फिरणारं चक्र बघत बसतं, मग विचारतं, "काय हाय खायला?" इंटरनेटवरून उचललेला भज्यांचा फोटो तर अजिबात नको, प्लेटीत तसं आलं नाही की तक्रार ठरलेली.

तळाशी दोन ओळी: "भाव बदलल्याची तारीख" आणि अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर. तारीख असली की कुणी जुना स्क्रीनशॉट दाखवून भांडू शकत नाही.

४. परवानगी आणि लिंक

नवी फाइल फक्त मालकाला दिसते. तिची लिंक तशीच क्यूआरमध्ये घातली तर गिऱ्हाइकाला परवानगी मागणारं पान दिसतं. आणि मालकाला मात्र आपल्या फोनवर सगळं छान दिसत असतं, म्हणून ही चूक छापून येईपर्यंत कळत नाही.

`Share` मधून `Manage access` ला जा. `Restricted` आहे ते बदलून `Anyone with the link` करा आणि शेजारी `Viewer` ठेवा. फोनगणिक हे शब्द थोडे इकडेतिकडे असतील. `Editor` ठेवलं तर टेबलावर बसलेला कुणीही पोरगा उकाळा 1 रुपया करून ठेवेल. हे मी एका रसवंतीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

आता लिंक कॉपी करून क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. लिंकमध्ये फाइलच्या लांबलचक कोडनंतर `/edit` आणि पुढं काहीतरी असतं. ते सगळं पुसून `/preview` लिहा:

```
https://docs.google.com/document/d/फाइलचा-कोड/preview
```

यानं टाइप करायच्या पट्ट्या जातात आणि नुसतं पान दिसतं.

तपासणी: हीच लिंक दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडा, वायफायवर नाही तर मोबाइल डेटावर. मालकाच्या फोनवरची तपासणी धरू नका. पोरीनं लिंक मला पाठवली, माझ्या फोनवर लॉगिन न मागता उघडली, तेव्हाच आम्ही पुढं गेलो.

५. क्यूआर: लिंकच छापली गेली पाहिजे

फुकट क्यूआर करून देणाऱ्या वेबसाइटींवर पुष्कळ जण फसतात. त्यातल्या काही तुमची लिंक क्यूआरमध्ये घालतच नाहीत, स्वतःची लिंक घालतात आणि तिथून तुमच्या पानाकडे वळवतात. फुकटची मुदत संपली की वळवणं बंद होतं. कार्ड नवंकोरं, क्यूआर स्वच्छ, आणि उघडते पैसे मागणारी जाहिरात. कार्ड मी छापलेलं असतं, म्हणून बोलणी मला खावी लागतात.

वेबसाइटीची गरजच नाही. `/preview` चं पान क्रोममध्ये उघडं असताना तीन टिंबं, `Share`, मग `QR Code`, मग `Download`. या क्यूआरमध्ये तुमचीच लिंक असते आणि त्याला मुदत नसते. मात्र छापल्यावर ही लिंक बदलता येत नाही. म्हणून पुढं भाव बदलताना नवी फाइल करायची नाही, त्याच फाइलमध्ये आकडा बदलायचा. मेनूची पीडीएफ करून तिचा क्यूआर काढणारे इथंच अडकतात. नवी पीडीएफ चढवली की तिची लिंक नवी होते.

तपासणी: क्यूआर स्कॅन करा, पण लगेच उघडू नका. कॅमेरा आधी पत्ता दाखवतो. तो `docs.google.com` नं सुरू होत असेल तर बरोबर. भलतंच छोटं नाव दिसलं तर क्यूआर पुन्हा काढा.

६. छपाई

क्यूआरचं चित्र छपाईवाल्याला द्या, कापलेला स्क्रीनशॉट देऊ नका. कापताना भोवतालची पांढरी कड जाते, आणि ती कड क्यूआरचाच भाग आहे. आतल्या सगळ्यात लहान चौकटीच्या चौपट रुंदीची कोरी जागा चारी बाजूंनी लागते. कार्ड सुंदर दिसावं म्हणून लोक त्या जागेत वेलबुट्टी घालायला सांगतात, मी घालत नाही.

आकाराचा साधा हिशोब असा की ज्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या भागाएवढा क्यूआर. टेबलावर हात लांबवून ३० ते ४० सेंटीमीटर अंतर पडतं, म्हणून ४ सेंटीमीटर. गल्ल्यामागच्या भिंतीवर दीड मीटरवरून स्कॅन करायचा तर १५. पांढऱ्यावर काळाच छापा. दुकानाच्या रंगात, लालावर पिवळा वगैरे करू नका.

आधी एकच कार्ड काढून लॅमिनेट करा आणि जिथं ठेवायचं तिथं, दिवे लावून, सगळ्यात स्वस्त फोननं स्कॅन करा. पोरीचं पहिलं कार्ड दुपारी झटकन स्कॅन झालं, पण संध्याकाळी होईना. चकचकीत लॅमिनेशनवर वरच्या ट्यूबचा पांढरा पट्टा बरोबर क्यूआरवर पडत होता. कार्ड आडवं न ठेवता स्टँडवर तिरकं उभं केलं आणि काम झालं. त्यानंतरच बाकीची पाच काढली.

इशारा: मेनूचा क्यूआर पैसे घ्यायच्या क्यूआरशेजारी लावू नका. पहिल्याच दिवशी दोघांनी पैसे द्यायच्या ॲपमधून मेनूचं कार्ड स्कॅन केलं आणि "तुमचा क्यूआर चालत नाही" म्हणून सांगितलं. मेनू टेबलावर, पैशाचा गल्ल्यावर, आणि मेनूच्या कार्डावर क्यूआरपेक्षा मोठ्या अक्षरात "खायला काय आहे ते बघा". रोज सकाळी टेबलं पुसताना दोन्हींवर दुसरं स्टिकर कुणी चिकटवलं नाही ना, तेही बघा.

भिंतीवरचा बोर्ड काढू नका. त्यावरचे भाव मात्र त्याच दिवशी रंगवून सारखे करा.

७. फोन परत देण्याआधी: एक रंगीत तालीम

या टप्प्याशिवाय फोन परत देऊ नका. आत्या अजून घरात असताना पोरगी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसली. गेस्ट विंडो उघडली, वहीतला पत्ता आणि पासवर्ड टाकला. कोड वडिलांच्या फोनवर गेला आणि वडील दुकानात कढईपुढं. पोरगी रस्ता ओलांडून कोड बघून आली, तोवर त्याची वेळ संपली. दुसऱ्या खेपेला फोनच मागून आणला. आत गेली, चहाचा भाव 10 चा 11 केला, टेबलावरचं कार्ड स्कॅन करून 11 दिसतंय का बघितलं आणि परत 10 केला. एवढं जमलं म्हणजे मेनू आत्याच्या फोनवर अवलंबून नाही.

पासवर्ड चुकीचा लिहिलेला असेल, नंबर चुकला असेल, तर तो इथं सापडतो. फोन हातात असेपर्यंत दुरुस्त करता येतो, बस सुटल्यावर येत नाही.

मग फोनच्या `Accounts` मध्ये दुकानाच्या खात्यावर जाऊन `Remove account`. यानं खातं फक्त त्या फोनवरून निघतं, फाइल जागेवर राहते. पोरीला हे पटेना, खातं काढलं की मेनू जाईल अशी धास्ती. आधी काढलं, मग टेबलावरचं कार्ड स्कॅन केलं, पान उघडलं तेव्हा तिनं फोन आत्याच्या हातात दिला.

८. पुढं भाव बदलताना

परक्या कॉम्प्युटरवर नेहमी गेस्ट किंवा इन्कॉग्निटो विंडो वापरा, आणि उठताना ती बंद करा. नुसतं डॉक्सचं पान बंद करून उठू नका. कोडसाठी वडिलांचा फोन सोबत न्या. फाइल शोधून फक्त आकडा आणि खालची तारीख बदला. पदार्थ संपला म्हणून रोज फाइलला हात लावायचा नाही, त्यासाठी बोर्डावर खडू पुरे.

वडील सुरुवातीला म्हणत होते, "बोर्ड हाय की भितीवर, ह्ये कशाला पायजेल?" गेल्या सोमवारी दुपारी दुकान जरा थंड होतं, तर ते स्वतःच रस्ता ओलांडून आले. बटनांचा फोन माझ्या काउंटरवर ठेवला आणि मागून येणाऱ्या पोरीला म्हणाले, "उकाळ्याचं बारा कर. साखर लई वाढली."